मदत हवी आहे: डेंग्यू जनजागृतीचा 'परिणाम' कसा मोजायचा? (सिडको, नाशिक)

गोदाकाठची:
आमच्या मंडळाने यंदा पावसाळ्यात सिडकोतल्या काही गल्ल्यांमध्ये 'आठवड्यातून एक कोरडा दिवस' ही मोहीम राबवली. घंटागाडीवर ऑडिओ, घरोघरी पत्रकं, चौकात पथनाट्य, व्हॉट्सअ‍ॅपवर छोटा व्हिडिओ. संदेश एवढाच होता की आठवड्यातून एकदा ड्रम, हौद, कूलर रिकामे करा, आतून घासा आणि मगच भरा.

पैसे एका कंपनीच्या सीएसआरमधून मिळाले. आता ते विचारतात, 'इम्पॅक्ट काय?' माझ्याकडे आहे ते इतकंच: ६,००० पत्रकं वाटली, व्हिडिओ ११,००० वेळा पाहिला गेला, घंटागाडी रोज फिरली. ही बेरीज करून १७,००० लोकांपर्यंत पोचलो असं लिहू का? मोहिमेआधी सर्व्हे केलेला नाही. अहवालाला महिना आहे, स्वयंसेवक दहाएक आहेत.

सिडकोकर:
एवढा विचार कशाला? मनपाकडून डेंग्यू रुग्णांचे आकडे घ्या. मागच्या वर्षी इतके, यंदा इतके. कमी झाले असतील तर मोहीम यशस्वी. शेवटी डेंग्यू कमी व्हावा म्हणूनच केलंत ना?

गंगापूररोडचा:
आमच्या सोसायटीत धूरफवारणीला दोन महिन्यांत कोणी फिरकलं नाही. तक्रार कुठे करायची? आणि गप्पी मासे कुठे मिळतात?

आकडेमोड:
@गंगापूररोडचा, वेगळा धागा काढा, इथे हरवून जाल.

@गोदाकाठची, ती बेरीज करू नका. पत्रक घेणारी, व्हिडिओ पाहणारी आणि घंटागाडी ऐकणारी बाई एकच असू शकते. शिवाय ११,००० वेळा पाहिला म्हणजे ११,००० माणसांनी पाहिला असं होत नाही, आणि त्यातले सिडकोतले किती हेही कळत नाही. हे आकडे 'आम्ही काय केलं' या रकान्यात लिहा. पोचलं किती, ते घरी जाऊन विचारल्याशिवाय कळणार नाही.

विचारताना क्रम सांभाळा. आधी मोकळा प्रश्न: 'डासांबद्दल इतक्यात काही ऐकलंत किंवा पाहिलंत का? काय सांगितलं होतं?' उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मग तीन घोषवाक्यं वाचून दाखवा आणि कोणती ऐकली ते विचारा. तिसरं तुम्ही तिथल्या तिथे बनवलेलं, कुठेही न वापरलेलं असू द्या. घंटागाडीवर कायम काही ना काही वाजत असतं, त्यामुळे लोक सवयीने 'हो, ऐकलंय' म्हणतात. समजा १०० जणांपैकी ६० म्हणाले तुमचं ऐकलं आणि २५ जणांनी बनावटही 'ऐकलं', तर त्या साठातला बराच भाग भिडेखातर आलेला 'हो' आहे.

आणि मोहिमेचे टी-शर्ट घालून सर्व्हेला जाऊ नका, कृपया. समोर घोषवाक्य छापलेला माणूस उभा असेल तर कोण नाही म्हणेल?

निवृत्त_फवारणीवाला:
मी मलेरिया विभागात नोकरी केली. सिडकोकर, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, पण रुग्णसंख्येवरून एका मोहिमेचं मोजमाप होत नाही. डेंग्यू एखाद्या वर्षी चढतो, एखाद्या वर्षी उतरतो. पाऊस संपून थंडी पडली की डास आपोआप घटतात, त्याचं श्रेय कोणीही घेतं. आणि जागृती खरंच झाली तर ताप आल्यावर जास्त लोक तपासणी करतात, म्हणजे नोंदलेले रुग्ण वाढतातही. शिवाय खासगी लॅबमध्ये झटपट किटवर पॉझिटिव्ह आलेला रुग्ण सरकारी मोजणीत पक्का धरत नाहीत, त्यासाठी एलायझा लागते. चार गल्ल्यांचं चित्र त्यात दिसणार नाही.

ताई, तुम्ही ड्रमपाशी जा. 'दर आठवड्याला रिकामा करता का?' असं विचारलंत की सगळे 'हो, करतो की' म्हणतात. त्याऐवजी 'मागच्या खेपेला कोणत्या वारी रिकामा केला?' असं विचारा, आणि मग 'दाखवता का?' म्हणा. बॅटरी घेऊन आत बघा. अळ्या दिसतात, उजेड पडला की वळवळत खाली जातात. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पाण्याच्या रेषेशी बोट फिरवा. बुळबुळीत कडं लागलं तर ड्रम घासलेला नाही. एडिसची मादी अंडी तिथेच चिकटवते, पाण्याच्या जरा वर. नुसतं पाणी ओतून टाकलं तर अंडी भिंतीवरच राहतात, कोरडी होऊनही महिनोन्‌महिने टिकतात, आणि ड्रम भरला की पुन्हा अळ्या. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस, म्हणून तर आठवड्याचा नियम.

आमच्याकडे पाणीपुरवठा बंदची सूचना आली की लोक असेल नसेल ते भांडं भरून ठेवतात. त्यानंतरचा आठवडा तपासणीला घ्या, खरं काय ते कळेल.

आकडेमोड:
काकांचं सोनं आहे. आधीचा सर्व्हे नाही, म्हणून मोहीम न झालेली, साधारण तशाच वस्तीची गल्ली तुलनेला घ्या, एकाच आठवड्यात. घरं ओळखीची निवडू नका, गल्लीच्या एका टोकापासून दर दहावं घर घ्या. कुलूप असेल तर संध्याकाळी परत जा, नाहीतर फक्त दुपारी घरी असणारेच मोजाल.

गोदाकाठची:
सर्व्हे झाला. तुलनेला सातपूरमधली वस्ती घेतली, दोन्हीकडे १२० घरं.

मोकळ्या प्रश्नाला सिडकोत ५१ जणांनी 'कोरडा दिवस' किंवा 'पाणी रिकामं करा' असं काहीतरी सांगितलं. 'घासा' हा शब्द आला फक्त १३ जणांकडून. बनावट घोषवाक्य ३१ जणांनी 'ऐकलं' होतं!

मुख्य ड्रमला बोट लावल्यावर कडं नसलेली घरं: सिडकोत ४६, सातपूरला २७. अळ्या सापडलेली घरं: सिडकोत १४, सातपूरला २२. म्हणजे अळ्या तिसऱ्या हिश्शाने कमी, असं लिहू का?

आकडेमोड:
अळ्यांचं तसं लिहू नका. १२० घरांत १४ आणि २२ हा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. 'कमी आढळल्या, पण घरांची संख्या बघता खात्रीने सांगता येत नाही' असं लिहा. घासलेल्या ड्रमचा फरक मात्र ठळक आहे. शेकड्यात साधारण ३८ विरुद्ध २३, म्हणजे १५ गुणांच्या आसपास. एकाच गल्लीतली घरं एकमेकांसारखी असतात, म्हणून खरा फरक याहून बराच कमी किंवा जास्त असू शकतो, तरी मुख्य निष्कर्ष हाच ठेवा.

माझ्या मते सगळ्यात कामाचा आकडा तो १३ आहे. 'रिकामं करा' पोचलं, 'घासा' पोचलं नाही. पुढच्या वर्षी ऑडिओ बदलायला एवढं पुरे.

निवृत्त_फवारणीवाला:
मला एक खटकतं. ४६ घरांत ड्रम घासलेला, पण 'घासा' म्हणणारे १३? म्हणजे बाकीचे आधीपासूनच घासत असणार, तुमच्यामुळे नाही. आणि सातपूरला कामगारांच्या भाड्याच्या खोल्या, ड्रम चार बिऱ्हाडांत एक. तो घासणार कोण? फरक वस्तीचाही असेल.

आकडेमोड:
बिऱ्हाडांचा मुद्दा मान्य. पण आठवण आणि कृती यांची गाठ इतकी सरळ नसते. घरातली एक जण ऐकते, दुसरी घासते, आणि दाराशी उत्तर तिसराच देतो.

गोदाकाठची:
सामायिक ड्रमची नोंद फॉर्मवर आहे. सातपूरची तशी घरं वगळून पुन्हा मोजते. ती वगळली की तिथली घरं ८० वगैरेच उरतील, चालेल का?

आकडेमोड:
फरक धूसर होईल. दोन्ही आकडे अहवालात द्या, आणि का दिले तेही.

सिडकोकर:
कंपनीवाल्यांना हे सगळं झेपणार का पण? त्यांना एकच मोठा आकडा हवा असतो.