खिडकीचा उजेड आणि काळा कपडा: तुमचे अनुभव सांगा

मृण्मयी_डोंबिवली: हॉलला पांढरा रंग दिला आणि आजीचा जुना फोटो आठवला. याच खिडकीपाशी काढलेला, पण तेव्हा भिंती गडद हिरव्या होत्या. अर्धा चेहरा सावलीत, काय रुबाब! आता तिथेच आईला बसवलं तर दोन्ही गाल सारखेच उजळ. शेवटी सावलीच्या बाजूला, गालापासून हातभर लांब, कपडे वाळत घालायच्या स्टँडवर काळी चादर टाकली. नाकाची सावली लगेच गालावर उतरली. तुम्ही काय करता?

पक्या७७: एवढा खटाटोप कशाला? एडिटिंगमध्ये शॅडो खाली ओढायच्या.

निशिगंधा: आमच्याकडे काळे पडदे लावलेत तरी बाळ दुपारी झोपत नाही 😭

लाइटवाले_दादा: पक्या, ओढून बघ. गालाबरोबर केस, साडीच्या निऱ्या, सगळंच काळं होईल. खिडकीचा उजेड समोरच्या पांढऱ्या भिंतीवर आपटून सावलीच्या गालावर परत येतो. कपडा तेवढा परतीचा उजेड खातो, खिडकीकडचा गाल होता तसाच राहतो. मी स्पॉट मीटरने बघितलंय: आधी दोन गालांत जेमतेम एक स्टॉपचा फरक, कपडा लावल्यावर दोनच्या वर. कपडा मागे सरकवत नेला की परिणाम ओसरतो. भिंतीलाच टांगायचा तर मग भलामोठा लागतो.

पाठची भिंत उजळ राहत असेल तर कटर लावायचा, म्हणजे खिडकी आणि त्या भिंतीच्या मध्ये काळा पुठ्ठा. भिंतीपाशी उभी राहा. तिथून खिडकी दिसतेय तोवर तिथे उजेड पोचतोय. दिसेनाशी होईपर्यंत पुठ्ठा सरकव. मग आईच्या खुर्चीत बसून बघ, तिथून मात्र खिडकी अख्खी दिसायला हवी.

मृण्मयी_डोंबिवली: करून आले! भिंत गेली अंधारात. पण हनुवटीखाली अजून उजेड आहे.

लाइटवाले_दादा: फरशी पांढरी आहे ना? पायाशी काळं काहीतरी अंथर.

सुलभाताई: सॅटिनचं घेऊ नका गं, चकाकतं आणि उजेड परत फेकतं. वेलवेट बरं. माझं नाटकातलं जुनं वेलवेट अजून आहे, उंदरांनी एक कोपरा खाल्लाय.

पक्या७७: बरं, कपडा लावला. पण फोन फोटो परत उजळ करतोय.

लाइटवाले_दादा: फ्रेममध्ये काळं वाढलं की फोन एक्स्पोजर वाढवतो. उजळ गालावर बोट दाबून धर, लॉक झालं की खाली ओढ.

चिन्मय_पुणे: मला हे अति वाटतं. सावलीतला डोळा मेल्यासारखा दिसतो.

सुलभाताई: चेहरा जरा खिडकीकडे वळवा, त्या डोळ्यात चमक येते.

चिन्मय_पुणे: मग नाकाची सावली आखडते ना! मी कपडाच थोडा लांब नेतो.

लाइटवाले_दादा: चेहरा बघून ठरवायचं. माझे सासरे वळतच नाहीत, त्यांना कॅमेऱ्याकडेच बघायचं असतं.

निशिगंधा: सुलभाताई, कोणतं नाटक?