मदत हवी आहे: गीझरच्या पट्टीवर ४.५ किलोवॅट, एमसीबीवर सी१६ आणि ६०००. चालेल का?

शेवंती
बाथरूमसाठी इन्स्टंट गीझर घ्यायचा आहे. दोन मॉडेल पसंत पडलीत, एक ३ किलोवॅटचं आणि एक ४.५ किलोवॅटचं. बाकी दोघांच्या पट्टीवर सारखंच लिहिलंय: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, आयपीएक्स४. बाथरूमच्या लाइनच्या एमसीबीवर 'सी१६' आहे आणि खाली चौकोनात ६०००. म्हणजे ६००० वॅटपर्यंत चालेल असं मी धरलंय, त्या हिशोबाने ४.५ घ्यायला हरकत नाही ना? बाथरूममध्ये सध्या १६ अँपिअरचा सॉकेट आहे.

उंबर
४.५ घ्या, पाणी भरपूर गरम मिळेल. एमसीबी पडायला लागला तर वायरमनला सांगून २५ अँपिअरचा बसवून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. आणि तो सी प्रकारचा आहे, सी थोडा जास्त लोड सहन करतो.

जोडणीकार
शेवंती, आधी ते ६००० बाजूला ठेवा, ते वॅट नाहीत. शॉर्ट सर्किट झालं तर क्षणभर हजारो अँपिअर वाहू शकतात. तेवढा प्रवाह किती अँपिअरपर्यंत हा एमसीबी न फुटता तोडू शकतो, ते त्या चौकोनात असतं. तुमच्या लोडसाठी वाचायचा आकडा म्हणजे सीच्या पुढचा १६. तो २३० ने गुणला की ३६८० वॅट येतात, तेवढीच या लाइनची मर्यादा.

आता गीझर. ४५०० भागिले २३० म्हणजे सुमारे १९.६ अँपिअर. ३००० भागिले २३० म्हणजे १३. तीनवाला या लाइनवर बसतो, साडेचारवाला बसत नाही.

तरी अडचण लगेच दिसणार नाही, म्हणून जास्त सांभाळायला हवं. घरगुती एमसीबी त्याच्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाहावर तासभर पडायचा नसतो आणि १.४५ पटीवर तासाभरात पडलाच पाहिजे. १६ साठी या दोन रेषा म्हणजे साधारण १८ आणि २३ अँपिअर. तुमचे १९.६ बरोबर मधे येतात. दहा मिनिटांची आंघोळ बहुतेक वेळा बिनबोभाट होईल. मग 'चालतंय की' असं वाटतं, आणि तिकडे १६ अँपिअरच्या सॉकेटमधून रोज जवळपास २० जात राहतात. सगळ्यात आधी त्रास होतो तो प्लगची पिन आणि सॉकेटची पाती जिथे टेकतात तिथे. प्लग हाताला गरम लागणं, पिनेभोवतीचं प्लास्टिक पिवळट-तपकिरी होणं, जळकट वास येणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच बंद करा.

उंबर, एमसीबी बदलण्याच्या सल्ल्याशी मी अजिबात सहमत नाही. एमसीबी गीझरसाठी नसतो, तो भिंतीतल्या तारेसाठी असतो. तार २.५ चौरस मिलिमीटरची असेल आणि वर २५ चा बसवला, तर तार प्रमाणाबाहेर तापली तरी तो शांत राहील. आधी तार, मग एमसीबी, असा क्रम. भिंतीतल्या पाइपातून गेलेल्या ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेवर साधारणपणे २५ चा एमसीबी ठीक असतो. त्याच पाइपात इतर लोडच्या तारा असतील किंवा जागा फार उष्ण असेल, तर तेही तपासून घ्यायला हवं.

उंबर
तार जाड हवी हे मान्य. पण सी प्रकार जास्त सहन करतो हे तर खरं आहे ना?

जोडणीकार
अर्धं खरं. बी, सी ही अक्षरं अचानक येणाऱ्या झटक्याबद्दल आहेत. बी त्याच्या आकड्याच्या ३ ते ५ पटींत क्षणात पडतो, सी ५ ते १० पटींत. मोटर सुरू होताना असा झटका येतो. गीझरच्या कॉइलला तो जवळजवळ नसतो, त्यामुळे इथे दोन्ही चालतात. हळूहळू तापून पडण्याची बाजू दोघांची सारखीच, म्हणून १९.६ ला सी जास्त सहन करेल असं होत नाही.

रानवारा
माझाही असाच प्रश्न आहे. बाहेरून आणलेल्या मिक्सरवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ आहे. व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर लावला की झालं ना? गीझरच्या ५० हर्ट्झकडे पण एवढंच बघायचं का?

जोडणीकार
गीझरला हर्ट्झने फरक पडत नाही, कॉइल नुसती तापते. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. ब्रशवाली मोटर असेल, आणि मिक्सरला बहुधा तीच असते, तर ५० हर्ट्झवर सहसा चालून जातं. ट्रान्सफॉर्मर मात्र मिक्सरच्या वॅटपेक्षा बराच मोठा घ्या. पंखा, पंप अशा ब्रश नसलेल्या मोटरवर फक्त '६० हर्ट्झ' असेल तर ती ५० वर हळू फिरते आणि जास्त तापते. '५०/६०' असेल तर काळजी नाही.

काजवा
आयपीएक्स४ कडे पण बघा. एक्स म्हणजे धुळीपासून संरक्षण शून्य, म्हणजे हलका माल. आयपी६५ वगैरे मिळतो का बघा.

जोडणीकार
एक्स म्हणजे शून्य नव्हे, धुळीबद्दलचा दर्जा तिथे सांगितलेला नाही एवढंच. बाथरूममध्ये प्रश्न पाण्याचा असतो, आणि ४ म्हणजे कुठल्याही बाजूने उडालेल्या शिंतोड्यांपासून संरक्षण. भिंतीवर उंच लावलेल्या गीझरला ते पुरतं. हँडशॉवरची धार थेट अंगावर पडेल अशा जागी लावू नका, धारेचा दर्जा ५ पासून सुरू होतो. आणि हा दर्जा गीझरच्या खोक्याचा आहे, शेजारच्या सॉकेटचा नाही.

शेवंती
६००० चा घोळ कळला, आभार. मग ३ किलोवॅटमध्ये पाणी पुरेसं गरम होईल का?

जोडणीकार
ते धारेवर अवलंबून. ३ किलोवॅट मिनिटाला २ लिटर पाणी सुमारे २१ अंशांनी तापवतो, ४.५ किलोवॅट मिनिटाला ३ लिटर तेवढंच. नळाचं पाणी २० अंशांचं असेल तर दोन्हीकडे ४१ च्या आसपास मिळेल, फक्त तीनवाल्याची धार बारीक ठेवावी लागेल. थंडीत पाणी १२ अंशांवर आलं तर ती आणखी बारीक करावी लागते. बादली भरायला हे चालतं, मोठ्या शॉवरला कमी पडेल.

व्होल्टेजही बघा. पट्टीवरचे वॅट २३० व्होल्टला असतात. २०० च मिळत असतील तर ३००० चे सुमारे २२७० वॅट उरतात.

शेवंती
तार कुठली आहे ते कसं कळणार? घर घेतलं तेव्हापासून कोणी उघडून बघितलेलं नाही.

जोडणीकार
मेन बंद करून वायरमनला एमसीबीपाशी आणि सॉकेटपाशी, दोन्ही टोकांना तार बघायला सांगा. आवरणावर माप छापलेलं असतं. दोन्हीकडे ४ निघाली तरी मधे जोड देऊन बारीक तार घातलेली असू शकते, ते टोकांवरून ओळखता येत नाही. शंका असेल तर बोर्डापासून नवी तार ओढणं बरं. साडेचारवाला घेतलात तर प्लग नकोच, डीपी स्विचमधून थेट जोडणी करा. आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का तेही त्याच फेरीत विचारा, शॉक लागला तर माणसाला एमसीबी वाचवत नाही.

उंबर
तार २.५ निघाली तर २० चा एमसीबी लावून भागेल का? १९.६ तर आहेत.

जोडणीकार
कागदावर भागतं. पण व्होल्टेज २४० झालं की हाच गीझर २०.४ घेतो, आणि २.५ ची तार भिंतीत कशी गेली आहे त्यावर तिची क्षमता ठरते. मी सुचवणार नाही. शेवंती, तारेचं माप कळलं की इथे लिहा.