अनुभव धागा: जोडीदाराचं कौतुक खरं कधी वाटतं?

धंतोलीची_सून
नागपूरकरांनो, आणि बाहेरच्यांनी पण लिहा. नवरा-बायकोपैकी एकाला आपल्या दिसण्याबद्दल मनात सल असतो, तेव्हा दुसऱ्याचं कोणतं वाक्य खरंच आत पोचलं? जसं बोलले तसं लिहा, सुविचार नकोत.

माझ्यापासून सुरू करते. मुलगी झाल्यावर दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आले. डॉक्टर म्हणाल्या प्रेग्नन्सीतल्या हार्मोन्सने सुरू होतात आणि उन्हाने गडद होतात, आणि आपल्याकडे मे मध्ये पारा 45 ला टेकतो, मग काय. गाडीवर सगळ्याच पोरी स्कार्फ बांधतात पण मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये पण सोडत नव्हते. घरचे सगळे म्हणायचे "कुठे काय, काहीच दिसत नाही". आता मी रोज आरसा बघते, मला दिसूनच राहिले आहेत न, मग जो दिसत नाही म्हणतो त्याची पुढची स्तुती मी कशी खरी मानू?

नवऱ्याला एकदा सरळ विचारलं, खूप दिसतात का रे. तो नीट बघून म्हणाला, "दिसतात. ओठावरचे हिवाळ्यात फिके झाले होते, आता परत गडद झाले." बस एवढंच, समजावलं नाही की विषय बदलला नाही. मला इतकं हलकं वाटलं. कारण ह्या माणसाने बघितलं होतं, हिवाळ्यापासून बघत होता, आणि तरी तसाच वागत होता. मग काही दिवसांनी शंकर नगर चौकात ज्यूस प्यायला थांबलो, मी घाम पुसायला स्कार्फ सोडला, तर म्हणाला "स्कार्फ सोडला की कानामागचे बारीक केस घामाने वळतात न तुझे, ते मला फार आवडतात". ते मी मानलं. मला स्वतःला माहीत नव्हतं की तिथले केस वळतात, घरी येऊन मोबाईलवर फोटो काढून बघितलं, खरंच वळतात.

ऑरेंज_सिटी_भाऊ
मस्त धागा ताई. माझा नियम आहे, रोज सकाळी डबा घेताना बायकोला एक कॉम्प्लिमेंट द्यायचीच, आणि नुसतं छान नाही, स्पेसिफिक. सोमवारी डोळे, मंगळवारी केस, असं फिरवत राहतो म्हणजे रिपीट होत नाही. तिला वजनाचं टेन्शन असते म्हणून पोटाचा विषय मी काढतच नाही. पण आजकाल ती "हो हो, निघा आता" म्हणते फक्त, काहून माहीत नाही.

मनाचिये_गुंती
मी कौन्सेलिंग करते, जोडप्यांसोबत काम आहे म्हणून थोडं लांब लिहिते. भाऊ, अवयवाचं नाव घेतलं म्हणजे वाक्य स्पेसिफिक होत नाही. "तुझे डोळे सुंदर आहेत" कोणीही कोणालाही म्हणू शकतो. "काल बाबांशी फोनवर बोलताना तुझे डोळे एकदम चमकले" हे फक्त काल तिथे असलेलाच म्हणू शकतो. वरच्या ताईंना केसांचं का पटलं बघा, ते त्या क्षणाचं होतं आणि त्यांना घरी जाऊन तपासता आलं. तुमचं मात्र वेळेवर येते, डब्यासोबत येते, त्यामुळे तिला ते ड्युटीसारखं ऐकू येत असणार.

दुसरं, ज्यांना स्वतःबद्दल कमी वाटतं त्यांना मोठं कौतुक पचतच नाही. मनात स्वतःचं जे चित्र पक्कं बसलं आहे त्याला "तू जगात सर्वात सुंदर" हे धडकतं आणि माणूस लगेच वाद घालतो, किंवा मनात म्हणतो ह्याला मी नीट माहीतच नाही. ह्यावर 2007 मध्ये मॅरिगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. जोडीदाराने पूर्वी केलेलं एक कौतुक आठवायला सांगितलं, आणि काहींना पुढे विचारलं की जोडीदाराला ते का आवडलं असेल, तुमच्या नात्यासाठी त्याचा अर्थ काय. ज्यांना स्वतःबद्दल कमी वाटायचं, त्यांना एवढ्या विचारानेच कौतुकाबद्दल आणि नात्याबद्दल जास्त बरं वाटलं. म्हणून मी म्हणते की दिसलेली गोष्ट सांगा आणि तिने तुम्हाला काय होतं तेही सांगा. "तू हिरवी साडी नेसून बाहेर आलीस आणि मी फोनवर काय बोलत होतो तेच विसरलो" असं. आणि दुखऱ्या जागेचं कौतुक ओढूनताणून नको. वांग असतील तर "मला तुझे डाग आवडतात" हे बहुतेकींना खोटंच वाटतं.

वर्धा_रोड_काकू
वांगावर मेडिकलमध्ये एक गोरं करायची क्रीम मिळते, माझ्या बहिणीला पंधरा दिवसांत फरक पडला, लावून पाहा बेटा.

धंतोलीची_सून
काकू प्रेमाने सांगितलं, पण अशा बऱ्याच क्रीममध्ये स्टेरॉइड असतं, आधी उजळ दिसतं, मग कातडी पातळ होते आणि क्रीम सोडल्यावर वांग उलट वाढतात. मी डॉक्टरांचीच ट्रीटमेंट घेते आणि सनस्क्रीन लावते. इथे मात्र बोलण्याबद्दल चाललंय.

सदरची_मास्तरीण
माझ्या घरी उलटी केस, नवऱ्याची. टाळू उघडा पडला आहे, लग्नाकार्यात फेट्याची वाट बघतो, फेटा नसेल तर मागच्या खुर्चीवर बसतो. पुरुषांना ह्यावर कोणी गोड बोलतच नाही, मित्र तर चौकात पोहे खाता खाता टकलू म्हणतात आणि त्याने हसून घ्यावं अशी अपेक्षा. मी केसांबद्दल बोलत नाही. पण एकदा तो दाढी ट्रिम करून आला तेव्हा म्हटलं, "इतकीच ठेव, जबडा दिसतो तुझा, आणि माझी नजर तिथेच जाते". काही बोलला नाही. तेव्हापासून सलूनवाल्याला बोटाने माप दाखवून तेवढीच ठेवायला सांगतो, तो माणूस मला म्हणाला वहिनी भाऊ लई पक्के झाले दाढीबद्दल. अजून एक, तिसऱ्या माणसाजवळ त्याची तारीफ त्याच्या कानावर पडेल अशी केली की त्याला जास्त खरी वाटते, निदान आमच्याकडे तरी.

पुण्यात_अडकलेला_वऱ्हाडी
माझी होणारी बायको नागपुरात, मी इकडे, रोज व्हिडिओ कॉल. नाक मोठं आहे म्हणते. नाही म्हटलं तर पाच मिनिट बरं, मग परत "खरं सांग न". रात्री एक वाजेपर्यंत हेच चालते, मी कितीही स्पेसिफिक बोललो तरी पुरत नाही. कॅमेऱ्याचा अँगल बदलत राहते, मागच्या महिन्यात मैत्रिणीच्या साखरपुड्याला पण गेली नाही.

मनाचिये_गुंती
इथे कौतुक वाढवून काम होणार नाही दादा. दर वेळी खात्री दिली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि परत विचारायची सवय पक्की होते. एकदा खरं उत्तर द्या, दुसऱ्यांदा नाकावर वाद न घालता म्हणा, "तुला आत्ता खूप त्रास होऊन राहिला हे कळतंय, मी कॉलवर आहे", आणि तिच्या दिवसाबद्दल बोला. पण आरशात तासनतास जात असतील आणि बाहेर पडणं बंद होत असेल तर हा आजारही असू शकतो, त्यावर थेरपी आणि औषधं दोन्ही आहेत. मेडिकल कॉलेजची मानसोपचार ओपीडी आहे, आणि आधी फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेली मानस 14416, फुकट आहे. तिला "तू वेडी आहेस" असा सूर लागू देऊ नका, "झोप होत नाहीये तुझी" इथून सुरुवात करा.

अंबाझरी_वॉकर
एक विचारते. मी वजन कमी करून राहिली आहे, नवरा म्हणाला "बारीक झालीस, आता भारी दिसतेस", आणि मला दिवसभर तेच डोक्यात की म्हणजे आधी नव्हती दिसत? परत वाढलं तर?

ऑरेंज_सिटी_भाऊ
पण मेहनत दिसली तर बोलायचं नाही का मग? माझी तर नाही बोललो तर चिडते.

सदरची_मास्तरीण
मेहनतीबद्दल बोला न, "साडेपाचला उठून जातेस, चढावर आता तुला दम लागत नाही". काट्यावरचं तिचं तिला बघू द्या.

अंबाझरी_वॉकर
ते मला आवडलं असतं. पण खरं सांगू, बारीक झालीस हे पण ऐकायचं होतंच मला.