नव्या टाइलवरची पांढरी झाक आणि मिस्त्रींचे अ‍ॅसिड

नवे घर: बैठकीत व्हिट्रिफाइड टाइल बसवून, सांधे भरून दोन आठवडे झाले. पुसले की स्वच्छ दिसते, वाळले की पांढरी झाक परत येते. शिवाय सिमेंटचे शिंतोडे आहेत. मिस्त्री म्हणतात, अ‍ॅसिड ओतून झाडूने घासा. ओतावे का?

जुना कंत्राटदार: हा सल्ला वाचला की संताप येतो, कारण ओतलेले अ‍ॅसिड टाइलला सहसा काही करत नाही, पण सांध्यातले सिमेंट खाते, आणि महिन्याभरात सांधे भुसभुशीत झाले की दोष टाइलवाल्याला दिला जातो. आधी शिंतोडे ओले करून लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने आडवे खरवडावेत. मग सांधे साध्या पाण्याने भिजवावेत, म्हणजे ते अ‍ॅसिड शोषणार नाहीत. लिटरभर पाण्यात सुमारे 50 ग्रॅम सल्फॅमिक अ‍ॅसिड विरघळवून कोपऱ्यातल्या एकाच टाइलवर तीन-चार मिनिटे ठेवावे आणि वाळू न देता नायलॉनच्या ब्रशने घासावे. चकाकी टिकली, तरच थोडा थोडा भाग घेत पुढे जावे; प्रत्येक भाग लगेच दोनदा धुऊन पाणी टिपून घ्यावे. हातमोजे, चष्मा आणि उघड्या खिडक्या हव्यातच. अ‍ॅसिड पाण्यात घालावे, पाणी अ‍ॅसिडमध्ये नव्हे.

गृहिणी: एवढा खटाटोप कशाला? व्हिनेगर निरुपद्रवी असते. आमच्या स्वयंपाकघरातली झाक त्यानेच गेली.

जुना कंत्राटदार: पातळ झाक जाते, हे मान्य. निरुपद्रवी मात्र नाही; संगमरवरी उंबरठ्यावर सांडून पाहा.

उंबरठ्याचा मालक: पाहिले आहे! आमच्या मिस्त्रीने टाइलसाठी आणलेले अ‍ॅसिड कोटा फरशीच्या जिन्यावर ओघळले, फेस आला आणि पायऱ्यांवर खरखरीत पांढरे डाग कायमचे राहिले. वर बाथरूममधल्या नव्या नळांवर वाफेने डाग पडले. भरपाई मागितली, तर म्हणे, दगडच हलका होता.

गृहिणी: दगड हलका नव्हता, चुनखडीचा होता, कोटा आणि शहाबादी दोन्ही. एवढे मलाही कळते, साहेब.

जुना कंत्राटदार: मग व्हिनेगरचेही कळले म्हणायचे.

गच्चीवाला: माझ्या गच्चीवर दर पावसाळ्यानंतर पांढरे येते. हेच करू का?

जुना कंत्राटदार: पुन्हा पुन्हा येते, म्हणजे खालून ओल क्षार वर आणते आहे, आधी गळती शोधा. आणि सांधे इपॉक्सीने भरले असतील, तर त्याची झाक अ‍ॅसिडने हलणारच नाही. त्यासाठी वेगळे द्रावण लागते.

नवे घर: आमचे सांधे सिमेंटचेच आहेत. धुतल्यावर ब्लीच मारून शेवटची चमक आणू का?

जुना कंत्राटदार: अजिबात नको! अ‍ॅसिडचा अंश उरलेला असताना ब्लीच पडले, तर क्लोरीन वायू सुटतो.

उंबरठ्याचा मालक: हे सगळे मिस्त्रीने त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसले असते, तर लागलेच नसते. मजुरी आपण पूर्ण द्यायची आणि साफसफाईही आपणच?

जुना कंत्राटदार: करारात साफसफाई लिहिली होती का?