उत्तर: आग्वादचं दीपगृह सरकलंय कुठे?

> जुन्या टोपोशीटवरून आग्वाद दीपगृहाचे अक्षांश-रेखांश काढून सॅटेलाइट नकाशात टाकले, तर खूण बाजूलाच पडते. नकाशा चुकीचा आहे का?

नकाशा बरोबर आहे, फक्त मोजणीचा पाया, म्हणजे डेटम, वेगळा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या शीट एव्हरेस्ट लंबगोलावर बेतलेल्या आहेत आणि त्याचा आरंभबिंदू मध्य प्रदेशातलं कल्याणपूर. तो लंबगोल भारतात नीट बसावा म्हणून निवडला, त्यामुळे त्याचं केंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून शेकडो मीटर दूर आहे. जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ चं केंद्र मात्र जवळपास पृथ्वीच्याच केंद्रात आहे.

प्रचलित रूपांतर-आकडे घेऊन गोव्यासाठी गणित केलं, तर खऱ्या जागेचा डब्ल्यूजीएस अक्षांश शीटपेक्षा सुमारे ४ सेकंद जास्त आणि रेखांश अडीच सेकंद कमी येतो. म्हणजे शीटचे आकडे तसेच टाकले, तर खूण साधारण दीडशे मीटर आग्नेयेला पडणार.

मग शापोराचा किल्ला आणि काब द रामही तपासा. तिन्ही खुणा तेवढ्याच अंतरावर, त्याच दिशेला सरकल्या तर दोष डेटमचा. दिशा बदलत असतील तर कागद आकसलाय किंवा स्कॅन वाकडं आहे (पावसाळ्यातल्या गोव्यात कागदाचं काय सांगावं!). क्यूजीआयएसमध्ये शीट बसवताना `EPSG:4326` ऐवजी `EPSG:4146` निवडा. तरी दहा-पंधरा मीटरचा फरक राहील, कारण ते रूपांतर अख्ख्या देशासाठी सरासरीनं काढलेलं आहे.