मदत हवी आहे: घरपट्टीच्या बिलात फ्लॅटचं क्षेत्रफळ चुकलंय

खिडकीतली_तुळस: फेरआकारणीनंतर यंदाचं बिल आलं. क्षेत्रफळ 65.16 चौ.मी. लावलंय. करारनाम्यात कार्पेट 46.80 आहे. म्हणजे 18 मीटर हवेत! प्रभाग कार्यालयात गेले तर खिडकीवरचे म्हणाले, "आधी भरा, मग बघू." अर्जात काय लिहू?

चौथा_मजला: चूक नाहीये ती. घरपट्टी बिल्टअपवर लागते, कार्पेटवर 20 टक्के धरतात. भरून टाका.

पुणेरी_पगडी: पीटी-3 भरला का? स्वतः राहत असाल तर 40 टक्के सवलत मिळते. मी दोन खेटे घातले तेव्हा कुठे लागली.

खिडकीतली_तुळस: दादा, आम्ही पुण्यात नाही. आणि सवलतीचा प्रश्नच नाही.

निवृत्त_कारकून: ताई, 46.80 वर 20 टक्के धरले तरी 56.16 होतात, 65.16 नाही. आकडे नीट बघा, 5 आणि 6 ची अदलाबदल झालेली दिसते. तुमच्या बरोबर वरच्या किंवा खालच्या फ्लॅटचं बिल बघायला मागा. बिलावर करयोग्य मूल्य किती आहे?

खिडकीतली_तुळस: 14,075.

निवृत्त_कारकून: आमच्याकडे दुरुस्तीसाठी 10 टक्के वजा करत. तसंच असेल तर 14,075 ला 0.9 ने भागा, मग 12 ने, मग 65.16 ने. चौ.मी.ला महिना 20 रुपये येतात. हा दर शेजाऱ्याच्या बिलातूनही तसाच निघाला, तर दराबद्दल तक्रार करू नका, फक्त क्षेत्रफळाची करा. आणि अर्जात 46.80 मागू नका, ते बिल्टअप दाखवून अर्ज निकाली काढतील.

खिडकीतली_तुळस: खालच्या काकूंचं बिल आत्ताच बघून आले. तोच नकाशा, 56.16! दरही 20 च. म्हणजे मीच 18 मीटर म्हणून भांडत होते, चूक 9 चीच.

निवृत्त_कारकून: मग आकारणी रजिस्टरचा उतारा मागा. त्यातही 65.16 असेल तर 'क्षेत्रफळ दुरुस्ती व फेरमोजणी' असा अर्ज द्या. सोबत करारनामा, मंजूर नकाशा आणि काकूंच्या बिलाची झेरॉक्स जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मोजणीला माणूस आला की टेप तुम्हीही धरा. आमच्या एका निरीक्षकाने जिन्याचा चौकही फ्लॅटमध्ये धरला होता.

चौथा_मजला: तोवर बिल भरायचं नाही ना?

निवृत्त_कारकून: भरायचं. थकलं की महिन्याला 2 टक्के शास्ती लागते, आणि पुढे कोर्टात अपील करायचं झालं तरी आधी रक्कम भरावीच लागते. 'हरकतीस अधीन राहून' असं पत्र देऊन भरा. फेरआकारणीची नोटीस आली होती का? हरकतीची मुदत तिच्यावरच छापलेली असते.

खिडकीतली_तुळस: आली असेल. सासऱ्यांनी वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यात ठेवली असणार. शोधते. मुदत संपली असेल तर?

निवृत्त_कारकून: आकडा लिहिण्यातली चूक आहे असं स्पष्ट लिहा. आमचे साहेब अशा चुका मुदतीनंतरही दुरुस्त करत. तुमचे करतील का, सांगता येत नाही.