बिलावर टॅक्सचा आकडा सापडला नाही तर शून्य टाकायचं का `null`?

पायथॉनवाला_पुणे
आमच्याकडे सप्लायरची खरेदी बिलं स्कॅन होऊन येतात, ओसीआर करून त्यातली माहिती जेसनमध्ये काढायची आणि तिथून अकाउंटिंगला पाठवायची असं काम आहे. कुठले फील्ड required ठेवायचे, टाइप काय द्यायचे ते ठरवतोय. अडलंय ते इथे, की जी गोष्ट सापडली नाही तिथे काय लिहायचं. सिनिअर म्हणतो आकड्यांना 0 आणि अक्षरांना "NA" टाक, पुढचा कोड फुटत नाही. मला ते खटकतंय पण नीट मांडता येत नाहीये. तुम्ही काय करता?

खतावणी
तुला खटकतंय ते बरोबरच खटकतंय. शून्य म्हणजे "सापडलं नाही" असं नसतं रे, शून्य म्हणजे "या बिलावर टॅक्स नाही" असं ठाम विधान असतं आणि अकाउंटिंगवाला ते तसंच वाचतो. माझ्याकडे घडलेलं सांगते. हार्डवेअरचं बिल होतं, सप्लायर आणि घेणारा दोघं महाराष्ट्रातले. करपात्र रक्कम 18,455.00, सीजीएसटी 9 टक्के म्हणजे 1,660.95, एसजीएसटी तेवढाच, राउंड ऑफ 0.10 आणि खाली एकूण 21,777.00. गोडाऊनच्या माणसाने "माल मिळाला"चा शिक्का बरोब्बर टॅक्सच्या दोन ओळींवर मारला. सॉफ्टवेअरने करपात्र रक्कम वाचली, एकूण वाचलं, आणि टॅक्स मिळेना म्हणून दोन्हीकडे 0 टाकलं. पुढच्या स्क्रिप्टला व्हाउचर जुळवायचं होतं म्हणून तिने उरलेले 3,322 रुपये राउंड ऑफमध्ये ढकलले. एंट्री पास, कुठेही एरर नाही, आणि 3,321.90 चं इनपुट टॅक्स क्रेडिट गायब. जीएसटीआर-2बी शी ताळा करताना ते सापडलं, नाहीतर आर्थिक वर्ष संपल्यावर येणारी 30 नोव्हेंबर उलटली असती (वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तेव्हाच) आणि क्रेडिट कायमचं बुडलं असतं. तिथे `null` असतं तर स्क्रिप्ट बेरीज करतानाच थांबली असती आणि बिल माणसाकडे गेलं असतं. तुमचा सिनिअर म्हणतो कोड फुटायला नको, मी म्हणते तिथे फुटायलाच हवा होता.

बॅकएंड_बंडू
ताई, सगळा मान ठेवून सांगतो, यात दोष शून्याचा नाहीये, बेरीज न तपासण्याचा आहे. करपात्र अधिक टॅक्स अधिक राउंड ऑफ बरोबर एकूण, आणि राउंड ऑफ पन्नास पैशांच्या वर गेला की बिल अडवायचं, एवढी एक ओळ असती तर शून्य असूनही ते बिल पकडलं गेलं असतं. `null` आणलं की प्रत्येक रिपोर्टमध्ये, प्रत्येक बेरजेत आधी तपासत बसा, आणि एखाद्या ठिकाणी विसरलं की रात्री दोनला जॉब बंद पडून फोन येतो. मी चार वर्षं शून्यावर चालवतोय.

खतावणी
बेरजेची तपासणी हवीच, ती नव्हती ही आमची चूक, मान्य. पण शिक्का सगळ्याच रकमांवर बसला असता, किंवा स्कॅनर मध्ये कागदाचा खालचा पट्टा दुमडला असता तर? मग करपात्र 0, टॅक्स 0, एकूणही 0. बेरीज करून बघा, 0 बरोबर 0, तपासणी पास. म्हणजे जेवढं जास्त गहाळ तेवढं बिल जास्त बिनचूक दिसतं! आणि बेरीज चुकली असं कळलं तरी चुकलं कुठे ते शून्य सांगत नाही, तपासणाऱ्या माणसाला पूर्ण बिल परत वाचावं लागतं. `null` असेल तर स्क्रीनवर त्याच दोन चौकटी लाल करता येतात.

बॅकएंड_बंडू
0 बरोबर 0 चा मुद्दा खरा आहे, हे माझ्या डोक्यात नव्हतं. आता एकूण रक्कम शून्य असेल तर अडवायची अट घालतो. तरी सगळीकडे `null` करायला मी तयार नाही.

कोल्हापुरी_ट्रान्सपोर्ट
माझा कोडचा संबंध नाही पण "NA" वाचून राहवलं नाही. आमची छोट्या टेम्पोवाल्यांची बिलं असतात, कित्येकांवर नंबरच नसतो. ज्या कंपनीकडे माल पोचवायचो त्यांच्या सिस्टीमने नंबराच्या जागी NA टाकलं. पहिलं बिल पास झालं. दुसरं गेलं तर "डुप्लिकेट इन्व्हॉइस" म्हणून परत, कारण तोच पार्टी आणि तोच नंबर NA. दीड महिना पेमेंट अडकलं, फोनवर सांगायचे तुम्ही एकच बिल दोनदा पाठवताय. शेवटी आम्हीच पेनाने नंबर टाकायला लागलो.

पायथॉनवाला_पुणे
दादा, हे थेट आमच्या कामाचं आहे, आमचीही डुप्लिकेट तपासणी सप्लायर आणि बिल नंबर यावरच आहे. म्हणजे नंबर `null` असेल तर ती तपासणी "झालीच नाही" असं नोंदवायला हवं.

जीएसटी_मित्र
स्वतःचं स्ट्रक्चर कशाला बनवताय? ई-इन्व्हॉइसचं सरकारी स्ट्रक्चर आहे INV-01, त्यात कुठलं फील्ड सक्तीचं, लांबी किती, सगळं दिलंय. तेच उचला.

खतावणी
नावं आणि लांबी उचलायला चांगलंय, पण ते बिल बनवणाऱ्यासाठी आहे. त्याला स्वतःचा जीएसटीआयएन, टॅक्स, सगळं माहीत असतं, त्यामुळे "वाचता आलं नाही" ही शक्यताच तिथे धरलेली नाही. आपण कागद वाचणारे आहोत. शिवाय ई-इन्व्हॉइस 5 कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांनाच लागू आहे, कंपोझिशनवाल्याचं बिल ऑफ सप्लाय त्यात बसणार नाही, आणि नोंदणी नसलेल्या दुकानदाराला तर जीएसटीआयएनच नसतो. पण तुमच्यामुळे एक चांगलं आठवलं. ई-इन्व्हॉइसवरच्या क्यूआरमध्ये दोघांचे जीएसटीआयएन, बिल नंबर, तारीख आणि एकूण रक्कम असते. तो वाचला तर ओसीआरने काढलेलं ताडून बघता येतं. टॅक्सची फोड मात्र त्यात नसते, ती कागदावरूनच काढायची.

स्कीमावाली
मूळ घोळ required या शब्दात आहे असं मला वाटतं. जेसन स्कीमामध्ये required म्हणजे की हजर पाहिजे एवढंच, किंमत भरलेली पाहिजे असं नाही, `null` चालेल की नाही ते type ठरवतो. म्हणून मी सगळ्या की सक्तीच्या ठेवते आणि जिथे गहाळ असू शकतं तिथे `null` ला परवानगी देते. कीच गायब असेल तर कळत नाही की कागदावर नव्हतं का आपल्या कोडने ते शोधलंच नाही. आणि नुसत्या `null` वर भागत नाही, कारण लागतं, ते मी बाजूला ठेवते:

```json
{
  "doc_type": "tax_invoice",
  "invoice_no": "0457",
  "invoice_date": "2024-05-04",
  "taxable": "18455.00",
  "cgst": null,
  "sgst": null,
  "igst": null,
  "total": "21777.00",
  "missing": {
    "cgst": "unreadable",
    "sgst": "unreadable",
    "igst": "no_label"
  }
}
```

`null` असलेल्या प्रत्येक फील्डची `missing` मध्ये नोंद हवी आणि नोंद असेल तिथे `null` च हवं, हा नियम मी स्कीमात न घालता दहा ओळींच्या कोडने तपासते, स्कीमात तो फार किचकट होतो.

बॅकएंड_बंडू
कारण लिहिणं कागदावर छान दिसतं, पण ओसीआरला कसं कळणार की छापलंच नव्हतं का दिसलं नाही? दोन्हीकडे त्याला काहीच मिळत नाही. मग ते कारण अंदाजाने भरलं जाणार, आणि खोटं कारण तुमच्या खोट्या शून्याइतकंच वाईट.

स्कीमावाली
बरोबर पकडलंत, म्हणूनच मी "छापलेलं नाही" असा शब्दच ठेवलेला नाही. सॉफ्टवेअरला खरंच जे माहीत असतं तेवढंच लिहायचं. "CGST" हे लेबल दिसलं पण शेजारचा आकडा लागला नाही, तर `unreadable`. लेबलच कुठे मिळालं नाही, तर `no_label`, म्हणजे नसेल किंवा कागद फाटला असेल, आपण ठरवत नाही. हे दोन वेगळे ठेवले की पहिल्या प्रकाराची बिलं सरळ माणसाकडे जातात आणि दुसऱ्या प्रकारात आधी नियम लावून बघता येतात.

टाइपबद्दल एवढंच सांगते. बिल नंबर आणि एचएसएन कधीच आकडा म्हणून ठेवू नका, 0457 चं 457 होतं आणि डाळींचा 0713 चा 713 होतो. तारीख छापलेली 04/05/2024 असेल तर आपल्याकडे ती 4 मे, पण लायब्ररी अमेरिकन पद्धतीने 5 एप्रिल वाचू शकते, म्हणून क्रम आपण सांगायचा आणि मूळ छापलेला मजकूरही वेगळ्या फील्डमध्ये जपायचा.

पैशातला_हिशोब
रकमा स्ट्रिंगमध्ये? मी पैशात पूर्णांक ठेवतो, 18,455 रुपये म्हणजे 1845500. दशांशाची भानगड नाही, 0.1 आणि 0.2 मिळून 0.30000000000000004 होणं नाही.

स्कीमावाली
रकमांना चालेल, पण दर युनिटला 3.125 रुपये असा छापलेला असतो तेव्हा? 312.5 पैसे पूर्णांकात बसत नाहीत. मी म्हणून छापलंय तेवढेच दशांश स्ट्रिंगमध्ये ठेवते.

पैशातला_हिशोब
दर वेगळा ठेवायचा, रकमा पैशात. मला यात अडचण आलेली नाही.

पायथॉनवाला_पुणे
मग जीएसटीआयएनचं काय? टॅक्स इन्व्हॉइसवर तो हवाच, मग तिथे स्कीमात `null` बंद करू का?

खतावणी
काढतानाच्या स्कीमात बंद करू नकोस. तिथे बंद केलंस की कोड ते फील्ड काहीतरी भरून पास करायला बघतो, नाहीतर वाचलेलं बाकीचं पूर्ण बिल टाकून देतो. दोन टप्पे कर. काढताना: की सक्तीची, किंमत `null` चालेल. अकाउंटिंगला पाठवताना: `doc_type` जर `tax_invoice` असेल तर जीएसटीआयएन भरलेलाच हवा, 15 अक्षरं, आणि शेवटचं चेकसमचं अक्षर जुळलेलं. नसेल तर बिल रांगेत थांबेल, पण आत जे वाचलंय ते सुरक्षित राहील. `bill_of_supply` असेल तर जीएसटीआयएन हवा पण टॅक्सच्या ओळी नकोत. आणि ओसीआरने O चं 0 किंवा S चं 5 केलं असेल तर चेकसम सहसा बोंब मारतो, तेव्हा गुपचूप दुरुस्त करू नकोस, सुचवलेली दुरुस्ती वेगळी दाखव आणि माणसाला हो म्हणू दे.

पायथॉनवाला_पुणे
सिनिअरला 0 बरोबर 0 चं उदाहरण दाखवलं, `null` आणि `missing` ला तयार झाला, दोन टप्पेही पटले. एक गोष्ट राहिली. वरच्या हार्डवेअरच्या बिलात दोन्ही जीएसटीआयएन 27 ने सुरू होतात, म्हणजे आयजीएसटी लागूच नाही. तिथे `null` ठेवू का आता नियमाने 0 करू?

बॅकएंड_बंडू
इथे तरी 0 करा, कायद्यानेच शून्य आहे.

स्कीमावाली
27 दोन्हीकडे असलं तरी आधी पुरवठ्याचं ठिकाण बघा, सप्लायर पुण्याचा आणि हॉटेलची खोली गोव्यातली असेल तर नुसत्या पहिल्या दोन आकड्यांवर निर्णय घेता येत नाही. मी काढलेल्या जेसनमध्ये `null` च ठेवते आणि पाठवतानाच्या टप्प्यात 0 करते, म्हणजे कागदाने काय सांगितलं आणि आपण काय ठरवलं ते वेगळं राहतं.

खतावणी
मी इथे बंडूच्या बाजूने आहे, पण `missing` मध्ये `not_applicable` लिहून, आणि ते कोणत्या नियमाने ठरवलं त्याचं नाव सोबत ठेवून.

स्कीमावाली
मग 0 असताना `missing` मध्ये नोंद असेल, माझी दहा ओळींची तपासणी तिथेच मोडते.